शास्त्रीय नावं, कुळं आणि गुणसूत्रं लक्षात ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी परीक्षांची तयारी करणारी मुलं मला वर्षानुवर्षं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पाठ न होणाऱ्या नावांपेक्षा एकमेकांत मिसळणाऱ्या नावांनी जास्त गुण जातात, हा माझा अनुभव आहे. म्हणून सगळ्यात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

शास्त्रीय नावं नुसती घोकली तर चालत नाही का?

पन्नास नावांपर्यंत चालतं. त्यापुढे नावं एकमेकांवर चढायला लागतात, कारण घोकलेल्या नावाला धरून ठेवायला काहीच नसतं. 'सिसर एरिएटिनम' हा नुसता आवाज आहे. पण लॅटिनमध्ये 'एरिएस' म्हणजे मेंढा, हे कळल्यावर हरभऱ्याचा एक दाणा हातात घेऊन बघा. पुढे आलेली चोच आणि दोन्ही बाजूंचा फुगवटा बघितला की मेंढ्याचं डोकं दिसतं. एकदा ते दिसलं की हरभरा म्हटल्यावर मेंढा आठवतो आणि मेंढ्यावरून एरिएटिनम.

म्हणून नव्या नावाबाबत पहिला प्रश्न विचारायचा तो दुसऱ्या शब्दाच्या अर्थाचा. भुईमुगाच्या 'हायपोजिया'त 'हायपो' म्हणजे खाली आणि 'जिया' म्हणजे जमीन, म्हणजे जमिनीखाली शेंगा धरणारा. करडईचं 'टिंक्टोरियस' म्हणजे रंगाऱ्याच्या कामाचं, कारण तिच्या फुलांपासून रंग काढत. जवसाचं 'युसिटॅटिसिमम' म्हणजे अत्यंत उपयोगी, कारण त्याच झाडापासून तेलही मिळतं आणि धागाही. गव्हाच्या एका जातीला 'ड्युरम' म्हणतात, म्हणजे कठीण, आणि तिचा दाणा खरोखरच कठीण असतो. असा अर्थ सापडला तर वेगळी ट्रिक बनवायची गरज उरत नाही. अर्थ सापडत नसेल किंवा तो पिकाशी जुळत नसेल, तेव्हाच स्वतःची खूण तयार करा.

सटायव्हा, सटायव्हम, सटायव्हस यांत नेहमी गोंधळ होतो. कुठे काय लिहायचं?

तिन्हींचा अर्थ एकच, लागवडीतलं. शेवट बदलतो तो प्रजातीच्या नावाच्या लिंगामुळे. लॅटिनमध्ये विशेषणाचं रूप नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, जसं मराठीत 'पिवळा झेंडू', 'पिवळी करडई', 'पिवळं फूल' होतं. त्यामुळे पहिल्या शब्दाचा शेवट ऐकला की दुसऱ्याचा बहुतेक वेळा आपोआप मिळतो. भात ओरायझा सटायव्हा, ओट अ‍ॅव्हेना सटायव्हा. वाटाणा पायसम सटायव्हम, लसूण अ‍ॅलियम सटायव्हम, कोथिंबीर कोरिअँड्रम सटायव्हम. मुळा रॅफॅनस सटायव्हस, केशर क्रोकस सटायव्हस. म्हणजे तिथे पाठ करायची असतात फक्त प्रजाती.

हा नियम झाडांच्या बाबतीत फसतो आणि पेपर काढणाऱ्यांना ते ठाऊक असतं. लॅटिनमध्ये झाडांची बरीच नावं 'अस'ने संपली तरी स्त्रीलिंगी धरली जातात. म्हणून पांढरी तुती 'मोरस अल्बा' आणि अंजीर 'फायकस कॅरिका'. पर्यायात 'मोरस अल्बस' दिसलं तर ते चूक. काकडीचं कुकुमिस सटायव्हस मात्र सरळ पाठच करा, तिथे शेवटावरून काही कळत नाही.

मूग आणि उडीद यांची नावं दर वेळी उलटी होतात. यावर उपाय काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण मी स्वतः एका परीक्षेत यावरच दोन गुण घालवले. पेपरमध्ये 'व्हिग्ना मुंगो' दिलं होतं आणि पीक ओळखायचं होतं. मी बेधडक मूग लिहिलं. बाहेर आल्यावर वही उघडली तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: व्हिग्ना मुंगो, उडीद. मी ते वीस वेळा तरी वाचलं असेन.

झालं असं की 'मुंगो' हा शब्द मूग या नावावरूनच आलेला, पण वनस्पतिशास्त्रात तो उडदाला चिकटला. मूग झाला 'व्हिग्ना रेडिएटा'. म्हणजे इथे आपली भाषाच आपल्याला चुकीच्या उत्तराकडे ढकलते. अशा ठिकाणी कितीही वाचलं तरी फरक पडत नाही, कारण वाचताना आपण नेहमी बरोबरच असतो. चूक होते ती उत्तर पर्यायांसमोर काढताना.

मी पुढे तीन गोष्टी केल्या. एक वाक्य पक्कं केलं: 'नावात मूग, पोटात उडीद.' मुंगो दिसलं की हे वाक्य आधी तोंडात येतं आणि मूग लिहायला निघालेला हात थांबतो. मग रेडिएटाला वेगळा आधार दिला. 'रेडिएट' म्हणजे किरणांसारखं पसरणं. मुगाच्या पक्व शेंगा देठाच्या टोकापासून आडव्या पसरतात किंवा खाली झुकतात, उडदाच्या उभट राहतात आणि त्यांवरचे केस लांब असतात. शेतात एकदा हे दोन्ही शेजारी बघितलं तर विसरणं अवघड. उजळणीसाठी मी कार्डं करतो, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर; शेत जवळ नसेल तर रोपाचा फोटो त्या कार्डाच्या मागे चिकटवा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि तीच बहुतेक जण चुकवतात. दोन सारखी नावं एकाच दिवशी शिकू नका. आधी मुंगो म्हणजे उडीद एवढंच घ्या आणि ते सात दिवसांच्या उजळणीपर्यंत टिकू द्या. मग रेडिएटा आणा. दोन्ही स्वतंत्रपणे जमायला लागली की तिसरं कार्ड करा: 'मुंगो आणि रेडिएटा, कोणतं कोणाचं आणि कशावरून?' हे तुलनेचं कार्ड सुरुवातीलाच केलं तर दोन्ही नावं एका ढिगात जाऊन पडतात.

पहिल्या अक्षरांचं वाक्य बनवायची ट्रिक कितपत कामाची?

ती यादीतल्या वस्तूंची संख्या आणि क्रम सांगते, वस्तू सांगत नाही. 'स' आठवला तरी तो सिसरचा की सिसॅममचा, हे वाक्य सांगू शकत नाही. म्हणून नावं आधीच ओळखीची असतील आणि फक्त 'या कुळातली पाच पिकं सांगा' असं विचारलं जाणार असेल, तेवढ्यापुरतीच ती वापरा. आणि वाक्य स्वतः बनवा. दुसऱ्याने बनवलेलं विचित्र वाक्य आठवायला आणखी एक ट्रिक लागते.

कुळं कशी लक्षात ठेवू? जुन्या पुस्तकात एक नाव, नव्यात दुसरं.

आठ कुळांना दोन नावं आहेत आणि वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन्ही ग्राह्य आहेत. ग्रॅमिनी म्हणजेच पोएसी, लेग्युमिनोसी म्हणजेच फॅबेसी, क्रुसिफेरी म्हणजेच ब्रॅसिकेसी, अंबेलिफेरी म्हणजेच एपिएसी, कंपोझिटी म्हणजेच अ‍ॅस्टरेसी. उरलेल्यांत पुदिना-तुळशीचं, नारळ-सुपारीचं आणि कोकमाचं कुळ येतं.

या जोड्यांतली बरीचशी जुनी नावं फुलाचं किंवा फळाचं वर्णन करतात आणि म्हणून ती जास्त लक्षात राहतात. क्रुसिफेरी म्हणजे क्रूस धारण करणारं. मोहरीचं फूल वरून बघा, चार पाकळ्या क्रूसासारख्या मांडलेल्या असतात. अंबेलिफेरी म्हणजे छत्री धारण करणारं. कोथिंबीर, गाजर, जिरं, बडीशेप यांपैकी कशाचाही फुलोरा बघा, एका बिंदूतून निघालेल्या छत्रीच्या काड्या दिसतात. नवी नावं मात्र एकेका प्रजातीवरून आली आहेत, जसं ब्रॅसिकावरून ब्रॅसिकेसी. म्हणून माझा क्रम असा: फूल, त्यावरून जुनं नाव, त्यावरून नवं. कार्डाच्या मागे दोन्ही लिहा.

कांद्याचं आणि डाळिंबाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे दोन समान नावं नाहीत, वर्गीकरणच बदललं. कांदा लिलिएसीतून अ‍ॅमॅरिलिडेसीत गेला, डाळिंब प्युनिकेसीतून लिथ्रेसीत. परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाचं नेमलेलं पुस्तक जे म्हणतं ते लिहा, पण कार्डावर जुनंही ठेवा, कारण पर्यायांत फक्त जुनंच दिलेलं असू शकतं.

गळिताच्या पिकांवर प्रश्न जास्त येतात, कारण त्यांचा वापर एक असला तरी कुळं विखुरलेली आहेत. इथे अपवादांपासून सुरुवात करा: तीळ पेडॅलिएसी, जवस लिनेसी, एरंड युफोर्बिएसी. हे तिघे एकटे आहेत. उरलेल्यांत बहुतेकांच्या जोड्या लागतात. भुईमूग आणि सोयाबीन शेंगेवरून ओळखू येतात, सूर्यफूल आणि करडई बोंडासारख्या एकत्रित फुलोऱ्यावरून, आणि मोहरी चार पाकळ्यांवरून.

गुणसूत्रांचे आकडे राहतच नाहीत. काही युक्ती?

सुटे आकडे राहत नाहीत हे खरं आहे. म्हणून ज्या आकड्यांमागे गणित आहे ते आधी घ्या. यात मोहरीच्या प्रजातीसारखं दुसरं उदाहरण नाही, म्हणून ते सावकाश बघू.

ब्रॅसिकाच्या सहा जातींतलं नातं नागाहारु यू या शास्त्रज्ञांनी 1935 मध्ये मांडलं. तीन मूळ जाती आहेत: निग्रा म्हणजे काळी मोहरी, ओलेरेसिया म्हणजे कोबी-फुलकोबीची जात, आणि रापा म्हणजे सलगमची जात. यांच्या युग्मकांत अनुक्रमे 8, 9 आणि 10 गुणसूत्रं असतात. आता रोमन लिपीतली त्यांची पहिली अक्षरं बघा: एन, ओ, आर. वर्णमालेच्याच क्रमात आहेत. 'नि-ओ-रा, आठ-नऊ-दहा' एवढं म्हटलं की पहिली ओळ झाली.

या तिघींच्या दोन-दोनच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन, उरलेल्या तीन जाती तयार झाल्या. आठ आणि नऊ सतरा, आठ आणि दहा अठरा, नऊ आणि दहा एकोणीस. त्यांची नावं कॅरिनाटा, जन्सिया, नेपस. रोमनमध्ये सी, जे, एन, म्हणजे इथेही वर्णमालेचा क्रम आणि 17, 18, 19 चढत्या क्रमाने. पालक वेगळे पाठ करायची गरजच नाही. जन्सिया म्हणजे आपली नेहमीची मोहरी, तिचे 18 फक्त आठ आणि दहा मिळूनच होतात, म्हणजे तिचे पालक निग्रा आणि रापा.

शेवटची पायरी विसरू नका. प्रश्नात बहुधा 2n विचारलेलं असतं, म्हणून आलेला आकडा दुप्पट करायचा. निग्रा 16, ओलेरेसिया 18, रापा 20, कॅरिनाटा 34, जन्सिया 36, नेपस 38. 18 हा आकडा दोनदा येतो, एकदा ओलेरेसियाचा 2n म्हणून आणि एकदा जन्सियाचा n म्हणून. पर्यायांतला सापळा नेमका तिथेच लावलेला असतो. प्रश्नातल्या n आणि 2n खाली आधी रेघ मारा आणि मगच पर्याय वाचा.

गव्हातही असंच गणित आहे. मूळ संच 7 चा. ड्युरम चतुर्गुणित, म्हणून 28. एस्टिव्हम षट्गुणित, म्हणून 42.

आणि कापूस?

चार लागवडीच्या जाती, दोनच आकडे. आर्बोरियम आणि हर्बेशियम या जुन्या जगातल्या, 26 च्या. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या अमेरिकेकडच्या, चतुर्गुणित, म्हणून 52. 'बार्बाडेन्स, बावन्न' असं 'बा'ला 'बा' जोडा आणि हिर्सुटम तिची सोबतीण म्हणून ठेवा. बार्बाडेन्स हे नावच बार्बाडोस बेटावरून आलेलं आहे, त्यामुळे अमेरिकेकडची कोणती हेही त्याच खुणेत मिळतं.

उजळणी नक्की किती दिवसांनी करायची?

मी प्रत्येक उजळणीनंतरचं अंतर 1, 3, 7, 15 आणि 30 दिवस असं धरतो. यात पवित्र काही नाही. अंतर वाढत गेलं पाहिजे आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर स्वतः काढलं पाहिजे, या दोनच अटी आहेत. वाचून मान डोलावली तर ती उजळणी झाली नाही.

एका कार्डाचा प्रवास असा असतो. उडदाचं कार्ड 1 तारखेला केलं. 2 ला विचारलं, बरोबर. तीन दिवसांनी 5 ला, बरोबर. सात दिवसांनी 12 ला विचारलं तर तोंडातून 'रेडिएटा' निघालं. आता कार्ड पुन्हा पहिल्या पायरीवर, म्हणजे 13 ला, मग 16, मग 23. पण नुसतं मागे पाठवणं पुरेसं नाही. चूक झाली म्हणजे खूण कच्ची आहे. 12 तारखेलाच कार्डाच्या मागे 'नावात मूग, पोटात उडीद' लिहा. खूण न बदलता तेच कार्ड परत परत फिरवलं तर ते महिनाभर तिथेच अडकून राहतं. चार वेळा मागे आलेलं कार्ड मी फाडतो आणि वेगळ्या शब्दांत नवं लिहितो.

एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा. 'हरभरा: नाव, कुळ, गुणसूत्रं, मूळस्थान' असं कार्ड केलं तर तीन उत्तरं बरोबर आणि एक चूक आल्यावर ते पुढे ढकलायचं की मागे, हे ठरवता येत नाही. त्याची चार कार्डं करा. आणि नावाची कार्डं दोन्ही दिशांनी हवीत: पिकावरून नाव आणि नावावरून पीक. माझी चूक दुसऱ्या दिशेला झाली होती, कारण मी सराव फक्त पहिल्या दिशेने केला होता.

रोज किती नवी कार्डं घ्यावीत?

दहा. जास्त का नाही, तर ओझं नंतर येतं म्हणून. रोज 10 नवी घेतली तर 30 व्या दिवशी 300 कार्डं झालेली असतात आणि त्या दिवशी उजळणीला 40 कार्डं येतात, एकही न चुकता. चुकलेली वरून वेगळी. रोज 30 घेणाऱ्याला तेव्हा 120 उरकावी लागतात, आणि दोन दिवस सुट्टी पडली की ढीग बघूनच माणूस सोडून देतो.

ढीग साचलाच तर नवी कार्डं पूर्ण बंद करा. साचलेल्यांत कमी अंतराची आधी घ्या. एक दिवसाचं कार्ड तीन दिवस राहिलं तर पुसून जातं, तीस दिवसांचं तेहतीस दिवसांनी बघितलं तर फारसं बिघडत नाही.

परीक्षेला दोनच महिने उरलेत. आता ही पद्धत जमेल?

जमेल, शेवटची 30 दिवसांची पायरी सोडून द्या. पहिल्या चार अंतरांची बेरीज 26 दिवस होते. म्हणजे पहिले 30 दिवस रोज 10 नवी कार्डं घेतली, तर शेवटच्या दिवशीचं कार्डही 56 व्या दिवशी चौथ्यांदा पाहून होतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवं काहीही घेऊ नका. त्या आठवड्यात फक्त तुलनेची कार्डं आणि मागे आलेली कार्डं.

कागदाची कार्डं बरी की मोबाइलवरचं अ‍ॅप?

तीनशेपर्यंत कागद. पाच कप्प्यांचा एक खोका पुरतो, प्रत्येक कप्पा एका अंतराचा. हाताने लिहिताना स्पेलिंगही बसतं, आणि लेखी पेपरमध्ये त्याला महत्त्व आहे: सूर्यफुलाच्या जातीच्या नावात दोन एन आणि शेवटी दोन यू, एरंडाच्या कम्युनिसमध्ये दोन एम. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, हेही कार्डावर तसंच लिहा. तीनशेच्या वर तारखा सांभाळणं कटकटीचं होतं, तिथे अ‍ॅप घ्या, पण दुसऱ्याने बनवलेला तयार संच उतरवून घेऊ नका. त्यात चुका असतात आणि खुणा तुमच्या नसतात.

पेरणीनंतरचे दिवस, बियाण्याचं प्रमाण असे आकडेही कार्डावर घ्यावेत का?

ज्याचं कारण सांगता येतं ते घ्या. गव्हाला पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी पाणी द्यायचं, कारण त्या सुमारास मुकुटमुळं फुटतात आणि जमीन कोरडी असेल तर ती नीट वाढत नाहीत, फुटवेही कमी येतात. कार्डाच्या पुढे 'गहू, पहिली नाजूक अवस्था कोणती आणि का?' असं विचारा, दिवस मागे लिहा. बियाण्याचं प्रमाण वाण, अंतर आणि पेरणीच्या पद्धतीप्रमाणे बदलतं, म्हणून ते नेमलेल्या पुस्तकातूनच घ्या आणि कार्डावर पद्धतही लिहा. पद्धत न लिहिलेला आकडा दुसऱ्या पुस्तकातल्या आकड्याशी भांडतो, आणि मग मुंगो-रेडिएटासारखंच होतं: दोन्ही ओळखीचे वाटतात आणि कोणता कशाचा ते सांगता येत नाही.